शनिवार-रविवार नाही, बुधवारी चार वाजता

२०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचा एक व्हिडिओ बाहेर आला. आठवड्याला नव्वद तास काम करावं, रविवारी तुमच्याकडून काम करून घेता येत नाही याची मला खंत वाटते, असं ते त्यात बोलले होते. त्याआधी २०२३ मध्ये नारायण मूर्तींचे सत्तर तास गाजलेच होते. तेव्हापासून पुण्यात लग्नाच्या पंगतीत म्हणा, सोसायटीच्या कट्ट्यावर म्हणा, हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. निवृत्त मंडळी म्हणतात, आम्ही रविवार पाहिला नाही म्हणून तुम्हाला हे दिवस दिसले. हिंजवडीत नोकरी करणारी मुलं म्हणतात, साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं आणि फोन बंद करायचा, कारण द्यायची गरजच काय? दोन्ही बाजूंना मी गेली दोन वर्षं ऐकते आहे, आणि दोघंही चुकीच्याच प्रश्नावर भांडतायत असं माझं ठाम मत झालं आहे. साहेबांनी शुक्रवारी संध्याकाळी सुट्टीच्या दिवशी बोलावलं, तर त्यात निष्ठेची किंवा हिमतीची परीक्षा नसते. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. एक काम असतं आणि एक वेळ असते. वेळ नाकारायची आणि कामाचं काय होणार ते त्याच वाक्यात सांगायचं, हे मला सभ्य नकाराचं खरं स्वरूप वाटतं. आणि हे सांगणं पोकळ असेल, तर तो नकार होकारापेक्षाही वाईट.

मी चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळते. गाड्यांचे सुटे भाग आम्ही बनवतो. त्यामुळे माझं उदाहरण संगणकाच्या पडद्यावरचं नाही, शॉप फ्लोअरवरचं आहे. पण त्याचा सांगाडा कुठल्याही ऑफिसात सापडेल.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी पावणेपाचला आमच्या प्लँटहेडचा फोन आला. सोमवारी अकराला ग्राहकाचे लोक येणार, नव्या भागाची ‘पीपॅप’ची फाइल पूर्ण हवी. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. नवा भाग नियमित पुरवायला सुरुवात करण्याआधी तो आपण दरवेळी ड्रॉइंगप्रमाणेच बनवू शकतो, याचे पुरावे ग्राहकाला द्यावे लागतात. मोजमापांचा अहवाल, कुठली तपासणी किती वेळाने करायची ते सांगणारा कंट्रोल प्लॅन, मोजण्याच्या साधनाचा म्हणजे गेजचा अभ्यास, असे एकूण अठरा प्रकारचे कागद त्या फाइलमध्ये येतात. आमची फाइल अर्धवट होती. मी आमच्या विभागातल्या तरुण इंजिनिअर मुलीला बोलावलं आणि म्हटलं, शनिवार-रविवार यावं लागेल गं.

ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने विचारलं, “मॅडम, सोमवारी ते लोक फाइल बघणार आहेत, की घेऊन जाणार आहेत?”

मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर, दोन माणसांचे दोन दिवस मागताना, ते कशासाठी मागतेय हेच मला माहीत नव्हतं. मी फोन लावला. सोमवारी ते प्रत्यक्ष लाइन बघायला येणार होते. हातात मोजमापांचा अहवाल आणि कंट्रोल प्लॅन धरून लाइनवरून फिरणार होते. बाकी फाइल त्यांना गुरुवारपर्यंत मिळाली तरी चालणार होती. ‘पूर्ण’ हा शब्द ग्राहकाकडून आमच्या विक्री विभागाकडे, तिथून प्लँटहेडकडे आणि तिथून माझ्याकडे येईपर्यंत हळूहळू फुगला होता. शुक्रवारच्या संध्याकाळच्या बहुतेक मागण्या अशाच प्रवासात फुगलेल्या असतात. म्हणून उत्तर देण्याआधी हा एक प्रश्न विचारायलाच हवा, की सोमवारी सकाळी हे नक्की कोण, कशासाठी बघणार आहे? तो विचारायला धाडस लागत नाही. विचारणाऱ्याला काम समजून घ्यायचं आहे, एवढंच त्यातून दिसतं.

वीस मिनिटांत तिचा मेसेज आला. तो मी अजून जपून ठेवला आहे.

“मॅडम, शनिवार-रविवार मला येता येणार नाही. सोमवारी लाइनवर लागणारे दोन कागद, म्हणजे मोजमापांचा अहवाल आणि कंट्रोल प्लॅन, आज साडेसातपर्यंत पूर्ण करून तुम्हाला पाठवते. गेजचा अभ्यास सोमवारी पहिल्या शिफ्टला सुरू करते. तो बुधवारी चारपर्यंत तुमच्याकडे येईल. ग्राहकाला बुधवारची तारीख आजच कळवलेली बरी. मेलचा मसुदा करून पाठवू का?”

पहिली पाच मिनिटं मला राग आला, हे कबूल करते. मग मी मेसेज पुन्हा वाचला. नकार पहिल्याच वाक्यात होता, त्यात किंतु-परंतु नव्हतं. कारण दिलेलं नव्हतं, आणि ते मला फार शहाणपणाचं वाटलं. आपल्याकडे नकाराला कारणाची शाल पांघरायची सवय आहे. घरी पाहुणे आहेत, गावी जायचंय, आईची तब्येत बरी नाही. पण कारण दिलं की साहेब त्या कारणावर तोडगा काढायला बसतात. पाहुणे दुपारपर्यंत जातील ना? मग तीनला ये. म्हणजे बोलणं कामावरून हटून आपल्या घरात शिरतं, आणि कारण बनावट असेल तर पुढच्या खेपेला तेही आठवून ठेवावं लागतं.

आता तिच्या पर्यायाकडे बघा. साडेसातपर्यंतचं काम किती होतं? पाच नगांची मापं आधीच घेतलेली होती. ती ड्रॉइंगवरच्या क्रमांकांशी जुळवून तक्त्यात मांडायची होती. कंट्रोल प्लॅनमध्ये दोन तपासण्यांची वारंवारता बदलायची राहिली होती. दोन-सव्वादोन तासांचं काम, आणि ते तिच्या एकटीच्या हातातलं होतं. साडेपाचची कंपनीची बस तिने सोडली. रात्री पावणेआठला मोशीच्या गर्दीतून कॅबने घरी गेली, आणि त्या कॅबचं बिल मी मंजूर केलं. गेजचा अभ्यास मात्र तिच्या एकटीच्या हातातला नव्हताच. त्यात दहा नग घ्यायचे, तीन तपासनीसांनी प्रत्येक नग तीनदा मोजायचा, म्हणजे नव्वद वाचनं. कुठला नग हातात आहे आणि मघाशी वाचन काय आलं होतं हे मोजणाऱ्याला कळू द्यायचं नाही. मापात जो फरक दिसतो तो नगातला आहे, साधनातला आहे की मोजणाऱ्याच्या हातातला, हे त्यातून कळतं. आमचे तिन्ही तपासनीस रविवारी सुट्टीवर. मग रविवारी चाकणला येऊन तिने करायचं काय होतं?

याचं उत्तर मला माहीत आहे, कारण मी ते केलं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी भोसरीच्या एका कारखान्यात होते. पिंपरी-भोसरीकडच्या अनेक कारखान्यांत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार सगळ्यांवर एकाच दिवशी पडू नये म्हणून हे वार वाटून दिलेले. (सुट्टीचं पावित्र्य रविवारात नसतं, ठरलेल्या वारात असतं, हे मी तिथे शिकले.) एका बुधवारी संध्याकाळी साहेब म्हणाले, उद्या येऊन गेजचा अभ्यास संपवून टाक. मी म्हटलं, “बघते सर.” आपल्या भाषेत या शब्दाने जेवढं नुकसान केलंय तेवढं क्वचितच दुसऱ्या शब्दाने केलं असेल. बोलणाऱ्याच्या मनात तो अर्धा नकार असतो, ऐकणाऱ्याच्या कानात पूर्ण होकार. ‘जमवतो’, ‘प्रयत्न करतो’ हे त्याचेच भाऊबंद. साहेब निर्धास्त घरी गेले. गुरुवारी मी गेले, तर तपासनीस एकही नाही. मी दोन जणांची वाचनं स्वतःच घेतली. दुपारी तीनपर्यंत डोळे भरून आले, आणि तिसऱ्याचा रकाना मी पहिल्या दोघांकडे बघून, शेवटचा आकडा थोडाथोडा बदलत पेनाने भरला.

ग्राहकाचे इंजिनिअर वयस्कर होते. त्यांनी पान उलटलं, तिघांच्या सरासरीखाली बोट ठेवलं आणि विचारलं, “तिघांचा हात एकच आहे का?” खऱ्या अभ्यासात तीन माणसांत थोडा तरी फरक येतोच. कुणी मायक्रोमीटर घट्ट धरतं, कुणी सैल. माझ्या तक्त्यात तो फरक जवळजवळ शून्य होता. फाइल परत आली, तीही शेरा मारून. पुढे कित्येक आठवडे आमचा प्रत्येक लॉट तिकडे वेगळा काढून तपासला जायचा. त्या बुधवारी मी सरळ सांगितलं असतं, की तीन तपासनीस शुक्रवारीच मिळतील, शनिवारी दुपारी अभ्यास देते, तर त्यात कुणाचं काय बिघडलं असतं? म्हणून सुट्टीच्या दिवशी रेटून करून घेतलेल्या कामाबद्दल माझी मुख्य तक्रार थकव्याची नाही. ते काम पुष्कळदा खोटं असतं. ज्या माणसांवर, यंत्रांवर, सह्यांवर ते अवलंबून आहे ती त्या दिवशी जागेवर नसतात, आणि मग एकटा आलेला माणूस रकाने भरतो.

आता समोरच्यांचं म्हणणं. त्यातलं सगळ्यात वजनदार म्हणणं असं, की काही वेळा खरोखरच यावं लागतं. हे शंभर टक्के मान्य. आपल्या भागात दोष निघाला आणि ग्राहकाची असेंब्ली लाइन थांबली, तर तिथे बुधवारची तारीख सांगायची नसते. गाडी काढायची आणि साठवलेला माल एकेक नग निवडायला बसायचं. मी गणपतीच्या दिवसांतही अशी गेलेली आहे, आणि पुन्हा जाईन. पण दोन्हींतला फरक ओळखणं अवघड नाही. लाइन थांबते तेव्हा तासागणिक नुकसान वाढत असतं, आणि मदत कुणाची हवी हे नावानिशी सांगता येतं. फाइलचं तसं नसतं. तिची तारीख महिनाभर आधी ठाऊक असते. ती शुक्रवारी पावणेपाचला संकट होते, याचा अर्थ मधल्या कुठल्या तरी आठवड्यात कुणीतरी ती पाहिली नाही. आमच्या बाबतीत ते कुणीतरी म्हणजे मी होते. खऱ्या संकटाला हो म्हणता यावं, म्हणून तरी बनावट संकटाला नाही म्हणायला शिकलं पाहिजे. दर शनिवारी येणाऱ्या माणसाकडे लाइन थांबते त्या दिवशी द्यायला वेगळं काही उरलेलं नसतं.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो आणि तोही पोकळ नाही. ते म्हणतात, पर्याय देणं म्हणजे मागच्या दाराने होकारच. रविवार वाचवायला शुक्रवारी रात्री अकरापर्यंत बसायचं, तर सुटका कसली? खरंच, असे पर्याय दिले जातात. ‘शनिवारी येत नाही, पण घरून करते’ हा त्यातला सगळ्यात फसवा. त्याला ना सुरुवात ना शेवट, आणि लॅपटॉप दोन्ही दिवस जेवणाच्या टेबलावर उघडा. म्हणूनच पर्याय वास्तव हवा असं मी म्हणते, आणि वास्तव म्हणजे काय ते या मुलीच्या मेसेजमध्ये आहे. तिने आधी काम कमी केलं, मग उरलेलं हलवलं. दोन दिवसांतलं सोमवारी लागणारं तेवढं वेगळं काढलं, ते सव्वादोन तासांचं निघालं. उरलेल्याला तारीखच नव्हे, वेळही दिली. ती वेळ मंगळवार नव्हे, बुधवार होती, कारण वाचनं सोमवारी संपली तरी हिशेबात एखादा नग पुन्हा मोजावा लागतो हे तिला माहीत होतं. साहेबांना खूष करायला आपण मंगळवार म्हणतो आणि मंगळवारी रात्री पुन्हा तेच गाऱ्हाणं सुरू होतं. दुसऱ्या कुणाचं नाव तिने परस्पर पुढे केलं नाही, ‘तो येईल की’ असं म्हणाली नाही. आणि मेलचा मसुदा देऊ केला. ही शेवटची गोष्ट दिसते लहान, पण मधल्या साहेबाची अडचण तिथेच असते. मला वर उत्तर द्यायचं होतं. ‘ती येत नाही म्हणाली’ हे मी वर सांगू शकत नव्हते. ‘दोन कागद सोमवारी, बाकी बुधवारी चारला’ हे सांगू शकत होते.

पर्याय देणं म्हणजे लाचारी, असं ज्यांना वाटतं त्यांनी रविवारच्या सुट्टीचाच इतिहास आठवावा. ज्योतिराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे, मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर, यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. त्यात फक्त ‘आम्ही राबणार नाही’ असं नव्हतं. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, गिरणी सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला बंद करा, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत करा. प्रत्येक मागणीला वेळ, वार, तारीख. किती तास काम करू हेही त्यांनीच सांगितलं होतं. मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही, आणि शेवटी १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांना भित्रा कोण म्हणेल? त्यांनी मागितलं ते मालकाला गिरणी बंद न करता देता येण्यासारखं होतं, म्हणून ते सहा वर्षं लावून धरता आलं. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यानेही हीच रीत उचलली. साप्ताहिक सुट्टीला काम करवायचं तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत एक सुट्टी द्या, आणि कुणालाही सलग दहा दिवसांहून जास्त राबवू नका. अदलाबदल, पण तारखेला बांधलेली.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. हे सगळं कायम नोकरीतल्या इंजिनिअरला शोभतं, कंत्राटी तपासनीसाने काय करावं? त्याच्या हातात ना फाइल, ना ग्राहकाचा फोन नंबर. तो नाही म्हणाला तर सोमवारी गेटवर त्याच्या जागी दुसरा उभा. याला माझ्याकडे उत्तर आहे, पण ते त्याने देण्याचं नाही. कार्यालयीन वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. तसा कायदा उद्या झाला तर मला आनंदच होईल, पण या तपासनीसाला कुणी फोन करतच नाही. सुपरवायझर शुक्रवारी शिफ्ट सुटताना फक्त म्हणतो, उद्या ये. त्याची सुट्टी वाचते ती त्याच्या वरच्याने नाही म्हटल्याने. त्या मुलीने शनिवार-रविवार नाकारला तेव्हा तीन तपासनीसांचाही रविवार वाचला, आणि हे तिला ठाऊक होतं. कंट्रोल प्लॅनवर सही करताना तिने मला विचारलं होतं, “मी हो म्हटलं असतं, तर तुम्ही त्या तिघांनाही बोलावलं असतं ना?” बोलावलं असतं.

म्हणून निवृत्त काकांना आणि हिंजवडीच्या मुलांना मला एकच विचारावंसं वाटतं. नकार कुणी द्यायचा हे तुम्ही ठरवता, पण ज्याच्या हातात थोडीतरी सत्ता आहे त्याने द्यायचा की नाही, हे कधी बोलता का? मी आता शुक्रवारी कुणाकडून काही मागते तेव्हा तीन गोष्टी लिहून पाठवते. काय हवं, कुणाला हवं, आणि किती वाजता हवं. या तिन्ही भरता आल्या नाहीत, तर मागत नाही. गेल्या सहा महिन्यांत असं दोनदा झालं, की तिसरी ओळ लिहिताना माझ्याच लक्षात आलं, हे सोमवारी कुणालाच नको आहे.

त्या मुलीच्या शुक्रवारी मात्र मी तिचा मेलचा मसुदा प्लँटहेडना पाठवून दिला होता. सहा वाजून दहा मिनिटांनी त्यांचं उत्तर आलं, “बुधवार चालेल. लाइनवर पाणी आणि चहाचं बघा.” सोमवारी ग्राहकाचे लोक आले, दोन कागद हातात घेऊन दीड तास फिरले. एका ठिकाणी तपासणी दर तासाला लिहिली होती आणि लाइनवरच्या तक्त्यावर दर दोन तासांनी होती. ते त्यांनी पकडलं, आम्ही तिथेच दुरुस्त केलं. गेजच्या अभ्यासात तिघांपैकी एकाचा हात इतरांपेक्षा स्पष्ट जड निघाला. मंगळवारी सकाळी तिने त्याला मायक्रोमीटरचा रॅचेट फिरवून दाखवला, तीन टिकटिक झाल्या की थांबायचं, आणि त्याची तीस वाचनं पुन्हा घेतली. बुधवारी चारला दहा मिनिटं कमी असताना फाइल माझ्या टेबलावर होती.